१२० वड्या आणि ३० लिटरचा ओव्हन

कोथिंबीर वडी तळणं अवघड नाही. अवघड आहे ते तळलेल्या वडीला पाऊण तास ताटकळत ठेवणं. रोजच्या घरात वडी कढईतून थेट ताटात पडते, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही. तो येतो डोहाळजेवणाला, साखरपुड्याला, बारशाला. हॉलमध्ये ओटी भरणं चाललेलं असतं, उखाणे लांबत जातात, मुंबईहून निघालेली आत्या अजून एक्स्प्रेसवेवर असते आणि स्वयंपाकघरात पहिला घाणा उतरून अर्धा तास होऊन गेलेला असतो. मग कुणीतरी काळजीपोटी त्या वड्या हॉटपॉटमध्ये भरून वर झाकण लावतं. पानात येईपर्यंत वडी गरम राहते खरी, पण वातड होते.

अशा वेळी घरातला ओव्हन कामाला येतो. केक आणि नानकटाईपुरता वापरला जाणारा हा ओटीजी तळलेले पदार्थ कुरकुरीत ठेवायला चांगला उपयोगी पडतो, मात्र तो नेमकं काय करतो आणि किती वेळ करू शकतो हे माहीत हवं. नाहीतर ओव्हनमध्ये ठेवूनही वड्या मऊ पडतात आणि दोष बेसनाला जातो.

वडी मऊ का पडते, इथून सुरुवात करायला हवी. कढईतलं तेल १७०-१८० अंशांवर असतं. वडी आत पडली की तिच्या पृष्ठभागावरचं पाणी उकळून बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतं, आणि वरचा दोन-एक मिलिमीटरचा थर कोरडाठाक होतो. कुरकुरीतपणा असतो तो या थरात. आतला गर मात्र ओलाच राहतो. त्याचं तापमान शंभराच्या आसपास अडकतं, कारण आत पाणी आहे तोवर ते त्याच्या वर फारसं चढत नाही. म्हणजे झाऱ्यावर आलेली वडी बाहेरून कोरडी आणि आतून वाफेने भरलेली असते. ही वाफ बाहेर पडू पाहते आणि तिची वाट त्या कोरड्या थरातूनच जाते. बाहेर मोकळी, कोरडी हवा असेल तर ती निघून जाते. झाकण असेल, वड्यांवर वड्या रचलेल्या असतील, खाली सपाट ताट असेल, तर ती तिथेच थंड होते, तिचं पाणी होतं आणि कवच ते पिऊन टाकतं. हॉटपॉट उष्णतेबरोबर वाफही धरून ठेवतो, म्हणूनच तो पोळीला उत्तम आणि वडीला वाईट.

पावसाळ्यात यात आणखी भर पडते. श्रावणातल्या मुंबईत किंवा पणजीत हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या घरात असते आणि नुसती उघडी ठेवलेली वडीही सादळते. ओव्हनची खरी करामत इथे दिसते. तीस अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची तीच दमट हवा शंभर अंशांपर्यंत तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता चार टक्क्यांच्याही खाली येते. हवेतलं पाणी तेवढंच असतं, पण तापलेल्या हवेची पाणी सामावून घेण्याची ताकद कितीतरी पटींनी वाढलेली असते. अशी हवा वडीच्या कवचात पाणी सोडत नाही, उलट त्यातलं ओढून घेते. ओव्हन वडी गरम ठेवतो हे सगळ्यांना दिसतं. कुरकुरीत ठेवतो तो मात्र या कोरडेपणामुळे.

पण हा कोरडेपणा टिकायला ओव्हनमधली वाफ बाहेर जायला हवी. घरातल्या ओटीजीचं आकारमान साधारण ३० लिटर. शंभर अंशांवर तीस लिटर शुद्ध वाफेचं वजन भरतं जेमतेम १८ ग्रॅम. म्हणजे चहाच्या चमच्याने साडेतीन चमचे पाण्याची वाफ झाली की अख्खा ओव्हन भरला! आत साठ वड्या असतील आणि प्रत्येकीने ग्रॅमचा तिसरा हिस्सा पाणी सोडलं, तर हिशेब तिथेच पुरा होतो. ओटीजी काही हवाबंद नसतो, फटींतून थोडी वाफ जातच असते, तरीही गच्च भरलेल्या ओव्हनमध्ये वड्या एकमेकींना वाफवत राहतात. हे ओळखायला कुठलंही यंत्र लागत नाही. दाराच्या काचेकडे बघावं. काच धुरकट होऊन आतून थेंब दिसायला लागले की वाफ साठते आहे असं समजावं. अशा वेळी दर पाच-सात मिनिटांनी दार पूर्ण उघडून दोन-तीन सेकंदांत पुन्हा लावायचं. तेवढ्यात दमट हवा निघून जाते आणि ओव्हनची धातूची अंगं तापलेली असल्यामुळे आतली उष्णता लगेच परत येते. काही जणी दारात लाकडी उलथनं अडकवून बोटभर फट ठेवतात. विजेच्या ओटीजीला ही युक्ती चालते, पण फटीतून येणारी गरम हवा वरच्या बटणांवर जात नाही ना हे पाहावं, आणि गॅसच्या ओव्हनला ती मुळीच करू नये. गॅसच्या ओव्हनमध्ये एक निराळी गोम आहे. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते, त्यामुळे त्यातली हवा विजेच्या ओव्हनपेक्षा मुळातच ओलसर असते. ओव्हनला पंखा असेल, म्हणजे कन्व्हेक्शनची सोय असेल, तर मात्र तो जरूर लावावा.

तापमान किती ठेवायचं? ९५ ते १०५ अंश. बहुतेक ओटीजींचं बटण शंभराच्या आसपासच सुरू होतं, त्यामुळे सगळ्यात खालची खूण पुरते. सत्तर-ऐंशीवर वडी कोमट राहते, पण कवचातून पाणी निघण्याचा वेग इतका मंद असतो की आतून येणारी वाफ वरचढ ठरते. उलट १३० च्या वर गेलं की आतला गर सुकायला लागतो आणि बेसनाच्या कडा काळपट, कडक होतात. गरम अन्न ६० अंशांच्या वर ठेवावं हा अन्नसुरक्षेचा सर्वसाधारण नियमही शंभराच्या ओव्हनमध्ये आपोआप पाळला जातो. अडचण एवढीच की ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांचं फारसं सख्य नसतं, वीस अंशांचा फरक सहज निघतो. ओव्हनमध्ये अडकवायचा साधा काट्याचा थर्मामीटर आणला की हा वाद मिटतो.

ओटीजीच्या बाबतीत दोन गोष्टी आणखी. शंभर अंश राखण्यासाठी रॉड सतत मंद जळत नाही. तो काही वेळ लालबुंद होतो, मग विझतो, मग पुन्हा पेटतो. वरच्या रॉडखाली ठेवलेल्या वड्या त्या लाल झालेल्या क्षणांत भाजल्या जातात, म्हणून फक्त खालचा रॉड चालू ठेवावा. दुसरी गोष्ट टायमरची. पुष्कळ ओटीजींचा टायमर साठ मिनिटांचा असतो. बारा वाजता ओव्हन तापत ठेवला आणि एक वाजता पंगत बसली, तर ऐन मोक्याच्या वेळी तो टिंग करून बंद होतो, आणि ओटी भरणाऱ्या बायकांच्या गलक्यात ते टिंग कुणाला ऐकू येत नाही. बंद झालेल्या, दार लावलेल्या ओव्हनमध्ये वड्या दहा-पंधरा मिनिटांत लिबलिबीत होतात. टायमरला ‘सतत चालू’ची खूण असेल तर काटा तिथे ठेवावा, नसेल तर एका माणसावर हे काम सोपवून द्यावं.

आता प्रत्यक्ष हिशेब. समजा पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये डोहाळजेवण आहे, चाळीस माणसं, दुपारी एकला पानं मांडायची आणि माणशी तीन वड्या. एकूण १२० वड्या झाल्या. ओटीजीच्या जाळीचा आकार साधारण ३४ बाय २८ सेंटिमीटर असतो. चार सेंटिमीटर व्यासाची वडी आणि भोवती एक सेंटिमीटर मोकळी जागा धरली, तर एका जाळीवर तीस वड्या बसतात. दोन थर लावले तर साठ. म्हणजे निम्म्या वड्यांना ओव्हनमध्ये जागाच नाही, आणि बेत इथेच फसतो. घरची मंडळी अकरापासून तळत सुटतात, साठ वड्या नीट मांडतात आणि उरलेल्या साठ त्यांच्यावर रचतात. वरच्यांच्या वाफेने खालच्या जातात, आणि खालच्यांच्या वाफेने वरच्याही.

उपाय जागा वाढवण्यात नाही, वेळ कमी करण्यात आहे. ओव्हन म्हणजे वड्यांचा फलाट समजावा. तिथे थोडा वेळ थांबायचं, मुक्काम करायचा नाही. अर्धा ते पाऊण तास वडी तिथे उत्तम राहते. तासाभराने कवच कुरकुरीतऐवजी टणक व्हायला लागतं आणि आतला गर कोरडा पडतो. दीड तासाने उरतं ते बेसनाचं बिस्किट. म्हणून शेवटचं तळण पानं मांडण्याआधीच्या पाऊण तासात बसलं पाहिजे. एका कढईत एका वेळी बारा वड्या, प्रत्येक घाण्याला पाच मिनिटं आणि मधे तेल तापायला एक, असं धरलं तर १२० वड्यांना पूर्ण तास लागतो. तो अर्ध्यावर आणायचा असेल तर दोनदा तळण्याला पर्याय नाही.

उंडे आदल्या संध्याकाळी वाफवून ठेवायचे. १२० वड्यांना साधारण ६०० ग्रॅम निवडलेली, धुऊन चांगली कोरडी केलेली कोथिंबीर, ७०० ग्रॅम बेसन, सव्वाशे ग्रॅम तांदळाचं पीठ, शिवाय तीळ, आलं-मिरची, हळद, मीठ आणि थोडं कडकडीत मोहन लागतं. तांदळाचं पीठ वगळू नये, कारण नुसत्या बेसनाचं कवच लवकर नरम पडतं. सोडा मात्र इथे टाळलेलाच बरा. सोड्याने वडी हलकी होते, पण तेलही जास्त पिते आणि अशी तेलकट वडी ओव्हनमध्ये तेल सोडत बसते. पाणी बेताने घालावं. मीठ लागल्यावर कोथिंबिरीलाच पाणी सुटतं, त्यामुळे आधी सैल वाटणारं पीठ दहा मिनिटांनी पातळ झालेलं असतं. वीतभर लांबीचे सात-आठ उंडे वळून पंधरा-वीस मिनिटं वाफवायचे, गार करून फ्रिजमध्ये टाकायचे. गार उंड्याच्या वड्या सुरीखाली सुबक पडतात. सकाळी एक सेंटिमीटरहून किंचित जाड काप करून अर्धा तास पंख्याखाली पसरले की त्यांच्या अंगावरचा ओलावाही उडतो आणि फ्रिजचा गारठाही जातो. गारेगार वड्या तेलात टाकल्या तर तेलाचं तापमान धाडकन उतरतं.

पावणेअकराला पहिलं तळण सुरू करावं. तेल १५५-१६० अंशांवर, आच मध्यम. अडीच-तीन मिनिटांत वडी फिकट पिवळी होते, बुडबुडे मंदावतात, पण रंग येण्याआधीच ती काढायची. साडेअकरा-पावणेबारापर्यंत सगळ्या वड्या जाळ्यांवर आणि बांबूच्या टोपल्यांत, झाकण न घालता गार होत राहतात. या मधल्या वेळेत आतलं पाणी थोडं कवचाकडे सरकतं, आणि दुसऱ्या तळणीत तेच कडक तेलात उडून जातं, म्हणून दोनदा तळलेल्या वडीचं कवच एकदाच तळलेलीपेक्षा जास्त वेळ तग धरतं. ही मधली विश्रांती दोन तासांच्या आत ठेवावी, उन्हाळ्यात तर आणखी कमी.

ओव्हन बाराला लावावा. बारा वाजून पंचवीस मिनिटांनी दुसरं तळण. आता तेल १८५ अंशांवर हवं. थर्मामीटर नसेल तर पिठाचा बारका गोळा टाकून पाहावा, तो क्षणभरही तळाशी न रेंगाळता वर आला पाहिजे. या वेळी वड्या आधीच शिजलेल्या असतात, त्यामुळे एका घाण्यात पंधरा चालतात आणि दीड-दोन मिनिटांत रंग येतो. तेल पुन्हा तापायला लागणारा वेळ धरून घाण्याला चार मिनिटं. आठ घाणे, बत्तीस मिनिटं. पहिल्या चार घाण्यांच्या साठ वड्या पावणेएकच्या आत ओव्हनमध्ये जातात, पुढच्या साठ पानं मांडेपर्यंत हातात येतात. पहिल्या वडीचा मुक्काम भरतो पस्तीस मिनिटं आणि शेवटच्या वड्या तर कढईतून उतरून थेट पानातच पडतात. आत्याला अजून वीस मिनिटं लागणार असतील, तर तळण तेवढंच पुढे ढकलावं. फिकट तळलेल्या वड्यांना घाई नसते.

कढई आणि ओव्हन यांच्या मधला एक मिनिट मात्र फार महत्त्वाचा. वडीत मुरणारं बरंचसं तेल ती कढईत असताना मुरत नाही, बाहेर काढल्यावर मुरतं. आत असताना बाहेर पडणारी वाफ तेलाला रोखून धरते. वडी बाहेर आली की तिच्या छिद्रांतली वाफ गार होते, आत पोकळी तयार होते आणि पृष्ठभागावरचं तेल तिथे ओढलं जातं. म्हणून झारा कढईवरच दोन-तीनदा झटकायचा आणि वड्या लगेच जाळीवर निथळायला टाकायच्या. टिश्यू पेपरचा जाड गादीसारखा थर इथे घोटाळा करतो. तो वरचं तेल टिपतो, पण खालची वाफही अडवून ठेवतो आणि वडीची एक बाजू ओली होते. कागद वापरायचाच असेल तर वडी त्यावर अर्धा मिनिट टेकवून उचलावी. वर्तमानपत्राचा कागद तर नकोच, त्याची शाई तेलात उतरते.

ओव्हनमध्ये वड्या ट्रेवर सपाट ठेवायच्या नाहीत. ट्रेवर केक गार करायची पायवाली जाळी, तिच्यावर वड्यांचा एक थर, आणि वरच्या खाचेत ओव्हनची स्वतःची जाळी, तिच्यावर दुसरा. वडीच्या खालूनही हवा फिरली पाहिजे. ट्रे मात्र तळाशी हवाच. निथळलेलं तेल लाल रॉडवर पडलं तर घरभर धूर होतो आणि आगीचाही धोका असतो. फॉइलने काहीही झाकायचं नाही. घरातल्या जाणत्या बायका तळलेलं सगळं रोवळीत किंवा टोपलीत ठेवत ते याच हिशेबाने. चहूबाजूंनी हवा लागे आणि पदार्थ सादळत नसे.

वडी तयार आहे की नाही हे चिमट्याने कळतं. टोकाने वडीवर हलकेच टकटक करावं. कोरडा, हलका आवाज आला तर ठीक. ठसठशीत, बसका आवाज आला तर कवच ओलं झालं आहे. रंगाची चमकही सांगते. वर तेलाचे बारीक थेंब चमकत असतील तर वडी तेल सोडते आहे, म्हणजे मुक्काम लांबला. मऊ पडलेल्या वड्या पाच मिनिटांसाठी १७०-१८० वर नेल्या तर बऱ्याच सुधारतात, पण हे एकदाच करता येतं. मायक्रोवेव्हमध्ये मात्र अजिबात घालू नयेत. तिथे आतलं पाणी तापून बाहेर येतं आणि भोवतालची हवा गारच राहते, त्यामुळे कवच काही सेकंदांत भिजतं. कन्व्हेक्शनची सोय असलेला मायक्रोवेव्ह, त्या मोडवर, ओव्हनसारखाच वापरता येतो.

सगळ्याच तळणाला हा हिशेब लागू होत नाही. अळूवडी कोथिंबीर वडीइतकीच शहाणी असते. खेकडा भजी तर ओव्हनमध्ये खुलतात, कारण त्यांच्या वेड्यावाकड्या अंगाला सगळीकडून हवा लागते. साबुदाणा वडा वीस-पंचवीस मिनिटांच्या पुढे थांबत नाही, आतला बटाटा आणि साबुदाणा चिकट होत जातो. बटाटेवड्याचं कवच पातळ आणि सारण ओलं, तो मुळातच फार वेळ कुरकुरीत राहण्यासाठी जन्मलेला नाही, तेव्हा त्याला गरम ठेवण्यापुरताच ओव्हन वापरावा. पुरी तर ओव्हनमध्ये पापडासारखी होते. चकली, शंकरपाळे, कडबोळी यांच्यात आत ओलावाच नसल्यामुळे त्यांचा प्रश्नच निराळा. त्या सादळल्या तर शंभर-सव्वाशेवर दहा मिनिटं ठेवून पूर्ण गार करायच्या आणि मगच डब्यात भरायच्या.

अमेरिकेतल्या मराठी घरांत ही अडचण बरीच सौम्य होते. भिंतीत बसवलेले ओव्हन तिथे आपल्या ओटीजीच्या चौपट मोठे असतात, त्यामुळे गणपतीच्या १२० वड्या एका खेपेत, न रचता मावतात. आकडे मात्र फॅरनहाइटमध्ये असतात. बटण २०० वर ठेवलं म्हणजे ९३ अंश सेल्सियस. अनेक ओव्हनवर ‘वॉर्म’ ही खूण १७० फॅरनहाइटची, म्हणजे ७७ अंशांची असते. ती बिर्याणी गरम ठेवायला बरी, वडीला कमी पडते.

वाढतानाही काही गोष्टी बिघडू शकतात. खोबरं-कोथिंबीर वरून भुरभुरायची ती पान मांडताना, ओव्हनमध्ये जाण्याआधी नाही. चटणी वडीशेजारी न वाढता वाटीत द्यावी. ताटात ओल्या खोबऱ्याची चटणी आणि वडी एकमेकांना टेकली की पाच मिनिटांत तिची ती बाजू गेली. बुफेवर वड्या चेफिंग डिशमध्ये ठेवल्या तर खालच्या पाण्याची वाफ आणि वरचं झाकण मिळून हॉटपॉटचाच प्रकार होतो. तिथे उघडं पसरट ताट ठेवून दर दहा मिनिटांनी ओव्हनमधून वीस-वीस वड्या आणून भर घालावी, आणि ही ने-आण पोरांवर सोपवावी. त्यातल्या दोन-चार वाटेत गायब होतात, त्याची तरतूद हिशेबात आधीच असावी. उरलेल्या वड्या गार करून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाकल्या, तर दुसऱ्या दिवशी जाळीवर १८० अंशांना आठ-दहा मिनिटांत चहाबरोबर खायला तयार होतात.